उशिरा आलेल्या मालाची भरपाई बिलातून कापताना: आधी हिशोब, मग पत्र

पर्चेसमध्ये नवा होतो तेव्हा एलडी, म्हणजे उशिराबद्दलची करारात ठरलेली भरपाई, कापल्याचं पहिलं पत्र मी चार ओळींत लिहिलं होतं. माल उशिरा आला, करारानुसार ४६,२०० कापत आहोत, नोंद घ्यावी, कळावे. आठवड्याभरात पुरवठादाराचं तीन पानी उत्तर आलं. त्यात आमच्याच ईमेलच्या प्रती होत्या आणि आमच्याच कराराची कलमं अधोरेखित केलेली होती. मी नव्याने हिशोब केला तेव्हा कापता येण्यासारखी रक्कम निघाली १०,०००. मधल्या काळात त्यांचं सगळंच बिल अडकलं होतं आणि पुढच्या ऑर्डरवर ते आगाऊ रक्कम मागू लागले होते.

तेच प्रकरण इथे पायरीपायरीने मांडतो. आकडे सोपे केले आहेत. कुठल्याही चलनात धरा, हिशोब बदलत नाही. ऑर्डर ६० कंट्रोल पॅनेलची होती, एका पॅनेलची करपूर्व किंमत २०,०००, म्हणजे एकूण १२,००,०००. माल आमच्या स्टोअरमध्ये १० मार्चपर्यंत पोहोचायचा होता. ४० पॅनेल ८ मार्चला आली, उरलेली २० थेट २४ एप्रिलला.

पहिली पायरी: कलम शब्दशः वाचा

एलडी म्हणजे उशीर झाला तर किती भरपाई द्यायची, हे दोन्ही बाजूंनी करार करतानाच ठरवून ठेवलेलं असतं. त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते सहसा सिद्ध करत बसावं लागत नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की ठरलंय तेवढंच मिळतं, आणि ठरलंय त्याच पद्धतीने. म्हणून कलम आठवणीतून लिहू नका, करार समोर उघडा. आमच्या करारातली कामाची वाक्यं अशी होती:

कलम १४.२: "मान्य तारखेपर्यंत माल खरेदीदाराच्या स्टोअरमध्ये पोहोचला नाही, तर विलंबाच्या प्रत्येक पूर्ण आठवड्यासाठी उशिरा आलेल्या मालाच्या करपूर्व किमतीच्या ०.५ टक्के दराने विलंब भरपाई लागू होईल. ही भरपाई अशा मालाच्या करपूर्व किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही."

कलम १४.३: "देय विलंब भरपाई खरेदीदार लेखी सूचना देऊन पुरवठादाराच्या देय बिलातून वळती करू शकेल."

कलम १४.४: "खरेदीदाराकडून झालेल्या उशिराइतके दिवस पुरवठ्याची तारीख पुढे जाईल."

१४.२ मधले तीन शब्दसमूह पेन्सिलीने अधोरेखित करा. "प्रत्येक पूर्ण आठवडा" म्हणजे पाच आठवडे आणि एक दिवस उशीर झाला तर पाचच आठवडे मोजायचे. हेच कलम "आठवडा किंवा त्याचा भाग" असं असतं, तर त्या एका दिवसाने सहावा आठवडा लागला असता. "उशिरा आलेल्या मालाच्या" म्हणजे २० पॅनेलच्या, ६० च्या नव्हे. काही करारांत एकूण ऑर्डरची किंमत धरलेली असते. काहींत जो भाग आला नाही म्हणून बाकीचाही वापरता आला नाही, अशा सगळ्या मालाची किंमत धरलेली असते. तसं लिहिलेलं असेल तरच तसं धरा. आणि "करपूर्व" म्हणजे बिलाच्या तळाचा आकडा नाही.

५ टक्क्यांची मर्यादा ०.५ टक्के दराने दहाव्या आठवड्याला गाठली जाते. त्यानंतर माल कितीही रखडला तरी भरपाईचा आकडा तिथेच थांबतो. ऑर्डर रद्द करायची असेल तर तो वेगळा हक्क आहे आणि त्याचं पत्रही वेगळं. कपातीच्या पत्रात तो विषय आणला की समोरचा हिशोब बाजूला ठेवून वकिलाकडे जातो.

१४.३ कडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. भरपाई देय असणं आणि ती बिलातून परस्पर कापता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापण्याचा हक्क करारात नसेल, किंवा बिलातून कोणतीही वजावट करू नये असंच लिहिलेलं असेल, तर आधी मागणीपत्र पाठवा आणि कायद्याच्या माणसाला विचारल्याशिवाय बिलाला हात लावू नका. आमच्याकडे हक्क होता, पण "लेखी सूचना देऊन" या अटीसह. म्हणजे पत्र पैसे भरण्याच्या आधी जायला हवं.

शब्दांचंही एक सांगतो. बोलताना आपण सगळेच "पेनल्टी" म्हणतो, पण पत्रात करारात जो शब्द आहे तोच वापरा. इंग्लंडमध्ये १९१४ मधल्या डनलॉप टायरच्या गाजलेल्या निकालापासून नुकसानाचा आधीच केलेला प्रामाणिक अंदाज आणि धाक दाखवण्यासाठी लावलेला दंड असा फरक केला जायचा. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी बदलली. रक्कम खरेदीदाराच्या रास्त हितसंबंधाच्या मानाने अगदीच अवाच्या सवा आहे का, हे आता तिथे पाहतात. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. तरीही "धडा शिकवण्यासाठी दंड आकारत आहोत" अशी भाषा तुमच्या बाजूची कुठेच ठरत नाही.

दुसरी पायरी: माल "पोहोचला" कधी?

फायलीत २० पॅनेलच्या चार तारखा सापडल्या. बिलावर १७ एप्रिल, ट्रान्सपोर्टच्या पावतीवर १८ एप्रिल, गेट रजिस्टरमध्ये २४ एप्रिल आणि माल तपासून स्वीकारल्याच्या पावतीवर, म्हणजे जीआरएनवर, २९ एप्रिल.

कलम म्हणतं "स्टोअरमध्ये पोहोचला नाही, तर". म्हणून इथे गेट रजिस्टरची २४ एप्रिल धरायची. जीआरएन पाच दिवस उशिरा निघाला, कारण तपासणी करणारा आमचा माणूस दुसऱ्या कामात होता. ते पाच दिवस पुरवठादाराच्या माथी मारता येत नाहीत. संगणकात मात्र जीआरएनचीच तारीख समोर दिसते, आणि रिपोर्ट काढणारा तीच उचलतो. एकदा स्वतः गेटवर जाऊन रजिस्टरचं पान बघा आणि त्याचा फोटो फायलीत लावा. ट्रक सकाळी आला आणि दुसऱ्या दिवशी उतरवला, असं असेल तर तेही तिथेच कळतं.

डिलिव्हरीची अट वेगळी असती तर तारीखही वेगळी असती. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या इन्कोटर्म्समधली, म्हणजे डिलिव्हरीच्या ठरीव अटींमधली, एफसीए ही अट असेल, तर माल ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की डिलिव्हरी पूर्ण होते. तसं असतं तर १८ एप्रिल धरावी लागली असती आणि वाटेतले सहा दिवस आमचे झाले असते. डीएपी असेल तर माल ठरलेल्या मुक्कामी उतरवण्यासाठी तयार स्थितीत पोहोचेपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची. खरेदी आदेशाच्या कोपऱ्यात लिहिलेली ही तीन अक्षरं कधी कधी दराच्या टक्क्याहूनही जास्त फरक पाडतात.

तिसरी पायरी: आधी आपला उशीर वजा करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. माझं पहिलं पत्र इथेच पडलं.

पुरवठादाराने पॅनेलची ड्रॉइंग १२ जानेवारीला मंजुरीसाठी पाठवली होती. कलम ९.३ प्रमाणे आम्ही सात दिवसांत, म्हणजे १९ जानेवारीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आमच्या डिझाइन विभागाची मंजुरी गेली २८ जानेवारीला. नऊ दिवस जास्त. हे मला माहीतच नव्हतं, कारण तो ईमेल डिझाइनला गेला होता आणि पर्चेसला प्रत नव्हती. पुरवठादाराच्या उत्तरात पहिल्याच पानावर तो ईमेल जोडलेला होता.

म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी एक फेरी मारा. डिझाइनला विचारा की ड्रॉइंग कधी आली आणि मंजुरी कधी दिली, मध्ये काही बदल सुचवले का. अकाउंट्सला विचारा की आगाऊ रक्कम ठरल्या दिवशी गेली होती का. क्वालिटीला विचारा की माल तयार असल्याचा निरोप आल्यावर आपला इन्स्पेक्टर किती दिवसांनी गेला. आपण काही साहित्य पुरवायचं होतं का, ते कधी दिलं. आणि स्टोअरला नक्की विचारा की "सध्या जागा नाही, आठवडाभर पाठवू नका" असं कोणी फोनवर सांगितलं होतं का. असा फोन झालेला असतो आणि तो कुठेही लिहिलेला नसतो. पुरवठादाराच्या डायरीत मात्र असतो.

आमच्या करारात १४.४ असल्यामुळे उत्तर सरळ होतं: १० मार्चमध्ये नऊ दिवस मिळवा, सुधारित तारीख १९ मार्च. "ड्रॉइंगमुळे खरंच नऊ दिवस अडलं का, की तांब्याच्या पट्ट्याच उशिरा आल्या होत्या?" असा वाद मनात येतो. मी तो घालत नाही. कलम "उशिराइतके दिवस" म्हणतं, तर तितके दिवस देऊन टाकावेत. आपण होऊन दिलेल्या नऊ दिवसांमुळे उरलेल्या दिवसांवर बोट ठेवणं समोरच्याला अवघड जातं.

मुदतवाढीची अशी तरतूदच करारात नसेल तर प्रकरण नाजूक होतं. इंग्लिश कायद्यात खरेदीदारानेच काम अडवलं आणि मुदत वाढवायची सोय करारात नसेल, तर ठरलेली तारीखच गळून पडू शकते. मग पुरवठादारावर फक्त वाजवी वेळेत माल देण्याचं बंधन उरतं, आणि तारखेवर उभी असलेली विलंब भरपाई कोसळते. अशा वेळी पत्र पाठवण्याआधी सल्ला घ्याच.

चौथी पायरी: हक्क आधीच सोडून तर दिला नाही ना?

१५ मार्चला पुरवठादाराने ईमेल केला होता की उरलेला माल २५ एप्रिलपर्यंत देतो. अशा ईमेलला बहुतेक जण "ठीक आहे, २५ पर्यंत नक्की पाठवा" एवढंच लिहितात. मग पुढे पुरवठादार म्हणतो की तारीख तुम्हीच २५ एप्रिल केली आणि माल एक दिवस आधीच आला. त्याच्या म्हणण्यात तथ्य असतं.

१६ मार्चला त्याला उत्तर देताना माझ्या वरिष्ठांनी मला उभं करून एक वाक्य लिहायला लावलं होतं: "आपण कळवलेली २५ एप्रिल ही तारीख केवळ आमच्या नियोजनासाठी नोंदवत आहोत, करारातील पुरवठ्याची तारीख बदललेली नाही आणि कलम १४ खालील आमचे हक्क कायम आहेत." पुढे सगळं पत्र या एका वाक्यावर तरलं.

माल उतरवून घेतानाही हेच करा. चलानावर सही करताना "उशिरा प्राप्त, करारातील हक्क राखून स्वीकारले" एवढा शेरा स्टोअरकीपरने लिहावा. जर्मनीच्या नागरी संहितेच्या ३४१ व्या कलमात तर हे स्पष्टच आहे: माल स्वीकारताना हक्क राखून ठेवला नाही, तर ठरलेला दंड नंतर मागता येत नाही. तुमच्या करारावर कुठला कायदा लागू आहे हे माहीत नसलं, तरी शेरा लिहायला मिनिट लागतं.

पाचवी पायरी: हिशोब

आता आकडे मांडायला हरकत नाही. शेवटची मान्य तारीख हा उशिराचा दिवस नसतो. १९ मार्चपर्यंत माल आला असता तर तो वेळेत धरला असता, म्हणून उशिराचा पहिला दिवस २० मार्च. मार्चचे १२ दिवस आणि एप्रिलचे २४ मिळून ३६ दिवस. ३६ मध्ये पूर्ण आठवडे पाच, एक दिवस उरतो, तो सोडायचा. पाच आठवडे गुणिले ०.५ म्हणजे २.५ टक्के. २० पॅनेलची करपूर्व किंमत ४,००,०००, तिचे २.५ टक्के १०,०००. मर्यादा ४,००,००० च्या ५ टक्के, म्हणजे २०,०००. आकडा तिच्या आत आहे.

स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर B1 मध्ये सुधारित तारीख, B2 मध्ये माल पोहोचल्याची तारीख आणि B4 मध्ये उशिरा आलेल्या मालाची करपूर्व किंमत लिहा. पहिलं सूत्र B3 मध्ये टाका, ते पूर्ण आठवडे देतं. दुसरं B5 मध्ये टाका, ते मर्यादा लावून रक्कम देतं.

```
=MAX(0,INT((B2-B1)/7))
=MIN(B3*B4*0.005,B4*0.05)
```

करारात "आठवडा किंवा त्याचा भाग" असेल तर पहिल्या सूत्रात INT च्या जागी वर पूर्णांक करणारं सूत्र येईल:

```
=MAX(0,ROUNDUP((B2-B1)/7,0))
```

माल टप्प्याटप्प्याने आला असेल तर प्रत्येक टप्प्याला वेगळी ओळ करा आणि शेवटी बेरीज घ्या. शेवटच्या ट्रकची तारीख सगळ्या मालाला लावू नका.

माझे ४६,२०० कुठून आले होते? मी मूळ तारखेपासून ४५ दिवस धरले, सहा आठवडे आणि तीन दिवसांचे सात आठवडे केले, आणि ३.५ टक्के लावले ते पूर्ण ऑर्डरच्या करासहित रकमेवर. कर १० टक्के धरला तर १३,२०,००० चे ३.५ टक्के बरोबर ४६,२०० होतात. चूक एकच वाटते, पण त्या चार होत्या, आणि चारही आमच्या फायद्याच्या बाजूला झुकलेल्या. समोरच्याला तो योगायोग वाटत नाही.

कराचं एक बघावं लागतं. भरपाई कापल्यामुळे मूळ बिलावरचा कर कमी होतो का, आणि कापलेल्या रकमेवर वेगळा कर लागतो का, हे देशागणिक बदलतं. पर्चेसने यात स्वतःचं मत बनवू नये. अकाउंट्सकडून एका ओळीत लेखी उत्तर घ्या आणि पत्रात तसंच लिहा.

सहावी पायरी: पत्र

पत्राची कसोटी साधी आहे. पुरवठादाराच्या अकाउंट्समधल्या माणसाने, ज्याने हा करार कधी पाहिलेला नाही, फक्त पत्र आणि जोडलेले कागद हातात घेऊन कॅल्क्युलेटरवर तोच आकडा काढता आला पाहिजे. दुसऱ्यांदा मी पाठवलेलं पत्र जवळजवळ असं होतं:

---

संदर्भ: खरेदी/विलंब भरपाई/०७
दिनांक: ६ मे

प्रति,
विक्री विभाग व लेखा विभाग,
(पुरवठादाराचे नाव व करारातील पत्ता)

विषय: खरेदी आदेश क्र. ४१७ मधील २० कंट्रोल पॅनेलच्या विलंबाबद्दल बिल क्र. २२०३ मधून १०,००० ची कपात

महोदय / महोदया,

वरील खरेदी आदेशातील ६० पॅनेलपैकी ४० पॅनेल ८ मार्च रोजी, म्हणजे मुदतीत मिळाली. त्यांच्याबाबत कोणतीही कपात नाही. उर्वरित २० पॅनेल आमच्या स्टोअरमध्ये २४ एप्रिल रोजी पोहोचली (गेट नोंदीची प्रत सोबत).

पुरवठ्याची मूळ तारीख १० मार्च होती. आपण १२ जानेवारी रोजी पाठवलेल्या ड्रॉइंगला कलम ९.३ नुसार १९ जानेवारीपर्यंत मंजुरी देणे आवश्यक होते. ती आमच्याकडून २८ जानेवारी रोजी देण्यात आली. हे ९ दिवस कलम १४.४ नुसार आपल्याला देऊन पुरवठ्याची सुधारित तारीख १९ मार्च धरली आहे.

कलम १४.२ चा मजकूर असा आहे: (येथे कलम जसेच्या तसे)

त्यानुसार हिशोब:
सुधारित तारीख: १९ मार्च
माल पोहोचल्याची तारीख: २४ एप्रिल
विलंब: ३६ दिवस, म्हणजे ५ पूर्ण आठवडे
उशिरा आलेल्या मालाची करपूर्व किंमत: २० × २०,००० = ४,००,०००
विलंब भरपाई: ४,००,००० × ०.५% × ५ = १०,०००
कमाल मर्यादा: ४,००,००० × ५% = २०,००० (ओलांडलेली नाही)

बिल क्र. २२०३ ची करासहित रक्कम ४,४०,००० आहे. कलम १४.३ नुसार त्यातून १०,००० वळते करून ४,३०,००० ही रक्कम २४ मे रोजी, म्हणजे बिलाच्या देय तारखेस, आपल्या खात्यात जमा करण्यात येईल. बिलावरील कराच्या रकमेत आम्ही बदल केलेला नाही.

या हिशोबातील एखादी तारीख, संख्या किंवा दर आपल्या नोंदींशी जुळत नसल्यास कृपया संबंधित कागदपत्रासह १६ मेपर्यंत कळवावे. त्याची तपासणी करून पैसे भरण्यापूर्वी आपल्याला लेखी उत्तर दिले जाईल.

कपात मान्य असल्यास १०,००० ची क्रेडिट नोट पाठवावी. करारातील दोन्ही बाजूंचे इतर हक्क व जबाबदाऱ्या या पत्रामुळे बदलत नाहीत.

आपला / आपली,
(नाव, हुद्दा, खरेदी विभाग)

सोबत: १) खरेदी आदेश व कलम ९.३, १४.२ ते १४.४ ची प्रत २) ड्रॉइंग पाठवल्याचा व मंजुरीचा ईमेल ३) १६ मार्चचा आमचा ईमेल ४) २४ एप्रिलची गेट नोंद व शेरा असलेले चलान ५) बिल क्र. २२०३
प्रत: लेखा विभाग, स्टोअर

---

या पत्रात विषयाच्या ओळीतच रक्कम आणि बिल क्रमांक आहे, कारण अकाउंट्समध्ये पत्रं विषय वाचून वाटली जातात. वेळेत आलेल्या ४० पॅनेलचा उल्लेख मुद्दाम केला आहे. त्यामुळे कपात कुठल्या मालाची नाही, हेही नोंदलं जातं. कलमाचा सारांश न देता मजकूर उतरवला आहे, कारण सारांशात "पूर्ण" हा शब्द गळतो आणि वाद तिथूनच सुरू होतो. आणि ४,३०,००० कधी मिळणार याची तारीख दिली आहे. दहा हजारांच्या वादासाठी चार लाख अडवून धरणं चुकीचं आहे, आणि बऱ्याच करारांत तो आपल्याच बाजूचा करारभंग ठरतो.

आमचे किती हाल झाले, प्रॉडक्शन कसं थांबलं, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. ठरलेली भरपाई मागताना ते सांगायची गरज नसते. उलट तसं लिहिलं की "मग ते नुकसान सिद्ध करा" असं उत्तर येतं.

पाठवल्यानंतर

करारात सूचना कशी पाठवायची याचं कलम बहुतेक असतं: कुठल्या पत्त्यावर, ईमेल चालेल की नाही, पोच कधी मानायची. तसंच पाठवा. ज्या सेल्समनशी तुमचं रोजचं बोलणं आहे त्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं ही सूचना नव्हे. त्याला फोन जरूर करा, पत्र जाण्याच्या आदल्या दिवशी. त्याला त्याच्या साहेबांकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

उत्तरात अडचणीचं कारण आलं, समजा ट्रान्सपोर्टचा संप किंवा पूर, तर सहानुभूती आणि करार यांची सरमिसळ करू नका. अपरिहार्य आपत्तीचं कलम उघडा. बहुतेक करारांत अशी अडचण आल्यावर ठरावीक दिवसांत लेखी कळवावं लागतं. कळवलं होतं का, आणि अडचणीचे दिवस खरंच १९ मार्च ते २४ एप्रिलच्या आत पडतात का, हे दोन प्रश्न तपासा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर तितके दिवस वजा करून हिशोब नव्याने करा. इथे एक-दोन दिवसही महत्त्वाचे असतात: ३६ चे ३४ झाले की पाच आठवड्यांचे चार होतात आणि रक्कम १०,००० वरून ८,००० वर येते.

चूक आपली निघाली तर फोनवर "ठीक आहे, बघतो" म्हणून सोडू नका. त्याच संदर्भ क्रमांकापुढे "सुधारित" लिहून नवं पत्र काढा आणि जुनं रद्द केल्याचं त्यात नमूद करा. फायलीत दोन वेगवेगळ्या आकड्यांची दोन जिवंत पत्रं राहिली, तर ऑडिटमध्ये कोणालाच उत्तर देता येत नाही.

आणि पैसे जातील त्या दिवशी पेमेंट ॲडव्हाइसवर पत्राचा क्रमांक घालायला अकाउंट्सला सांगा. तो नसेल तर पुरवठादाराच्या खात्यात बिल २२०३ समोर १०,००० येणे तसंच दिसत राहतं, वर्षअखेरीला खातेउतारा जुळवताना ते वर येतं, आणि तोवर ते पत्र लिहिणारा माणूस दुसऱ्या विभागात गेलेला असतो. आमच्या बाबतीत क्रेडिट नोट १४ मेला आली. तिच्यावर कारणाच्या रकान्यात त्यांनी आमच्याच पत्रातली ओळ उतरवली होती: ३६ दिवस, म्हणजे ५ पूर्ण आठवडे.